रोज दोन प्रकरणं, रविवार मोकळा

टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ अनेकांच्या कपाटात वर्षानुवर्षं उभी असते आणि खूण बहुधा शंभराव्या पानाच्या आसपास अडकलेली असते. बहुतेक वाचक तिथंवर सुट्टीतल्या उत्साहात, एका बैठकीत साठ-सत्तर पानं वाचत पोचलेले असतात. पुढं कामाचे दिवस सुरू झाले की पुस्तक बाजूला पडतं, आणि महिन्याभरानं उघडावं तर कोण कोणाचा मुलगा हेच आठवत नाही.

खरं तर ही कादंबरी हप्त्याहप्त्यानंच वाचकांपुढं आली. १८६५ पासून तिचे सुरुवातीचे भाग ‘रशियन मेसेंजर’ या मासिकात ‘१८०५’ या नावानं छापले गेले. संपूर्ण पुस्तक हाती यायला १८६९ साल उजाडलं. हप्त्यांचा हा हिशेब आजच्या वाचकालाही बसवता येतो.

त्यासाठी पानं मोजू नयेत, प्रकरणं मोजावीत. आवृत्ती बदलली की पानांचा आकडा बदलतो. कादंबरीचे चार खंड आणि उपसंहार मिळून ३६१ प्रकरणं होतात. काही इंग्रजी भाषांतरांत विभागणी जराशी वेगळी असल्यानं दोन-चारांचा फरक पडतो, म्हणून आपल्या प्रतीची अनुक्रमणिका आधी पाहून घ्यावी. प्रत तेराशे पानांची असेल तर एक प्रकरण सरासरी साडेतीन-चार पानांचं निघतं. दोन प्रकरणं म्हणजे सात-आठ पानं, साधारण अर्ध्या तासाचं वाचन.

सोमवार ते शनिवार रोज दोन प्रकरणं वाचायची, रविवार मोकळा ठेवायचा. आठवड्याला बारा प्रकरणं झाली, तर तीस आठवड्यांत पुस्तक संपतं. खंडवार पाहिलं तर पहिल्यात ६५, दुसऱ्यात ९८, तिसऱ्यात ९६, चौथ्यात ७४ आणि उपसंहारात २८ प्रकरणं आहेत. म्हणजे पहिल्या खंडाला साडेपाच आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्याला प्रत्येकी आठेक, चौथ्याला सहा. जूनच्या पहिल्या सोमवारी सुरुवात केली तर डिसेंबरअखेर शेवटचं पान येतं.

रविवार मोकळा सोडण्याचं कारण साधं आहे. आठवड्यात एखादा दिवस पाहुणे येतात, एखाद्या रात्री डोळे मिटतात. राहिलेली प्रकरणं रविवारी भरून निघतात. तीन-चार दिवस सलग बुडाले तर मात्र रोज चार-चार प्रकरणं वाचून गाठण्याचा हट्ट धरू नये. त्या घाईत नावं निसटतात आणि वाचन तिथंच थांबतं. अशा वेळी शेवटची तारीख एक आठवडा पुढं ढकलावी, आधी वाचलेलं शेवटचं प्रकरण पुन्हा वाचावं आणि पुढं जावं.

पहिली खरी परीक्षा नावांची. जुलै १८०५ मधल्या पीटर्सबर्गमधल्या एका मेजवानीनं कादंबरी उघडते आणि माणसांची रांगच लागते. इथं मराठी वाचकाला एक सोय आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रीत त्याच्या ओळखीची. रशियन नावांत मधला शब्द वडिलांवरूनच बनतो: इल्या रोस्तोवची मुलगी नताल्या इल्यिनिच्ना, किरिलचा मुलगा प्योत्र किरिलोविच. नताल्याला घरी नताशा म्हणतात आणि प्योत्रला सगळे पिएर म्हणतात. एका जाड कागदावर बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव, कुरागिन आणि द्रुबेत्स्कोय ही पाच घराणी लिहावीत, प्रत्येकाखाली माणसं आणि त्यांची लाडकी नावं. तोच कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवावा. पहिल्या भागाची २५ प्रकरणं म्हणजे दोन आठवडे नि एक दिवस. तेवढ्यात कागद बहुतेक भरतो.

दुसरी अडचण वेगाची. दुसऱ्या खंडात लांडग्याच्या शिकारीची आणि नताशाच्या फसलेल्या पळून जाण्याच्या बेताची प्रकरणं अशी आहेत, की दोनावर थांबवत नाही. तिथं पुढं वाचावं. ती शिल्लक तिसऱ्या खंडात कामाला येते. बोरोदिनोच्या लढाईचा भाग ३९ प्रकरणांचा आहे आणि त्यात कथेमध्येच इतिहासावरचं विवेचनही येतं. ओळी डोळ्यांखालून जाताहेत पण प्रकरणात काय घडलं ते दोन वाक्यांत सांगता येत नाही, असं झालं की वेग जास्त आहे हे ओळखावं. मग रोज एकच प्रकरण वाचावं.

उपसंहाराच्या दुसऱ्या भागासाठी हीच गती आधीपासून धरावी. त्या बारा प्रकरणांत पिएर, नताशा कोणीच नाहीत. इतिहास कशामुळं घडतो आणि माणूस कितपत मोकळा असतो, याचा तो सलग निबंध आहे. एका आठवड्याऐवजी त्याला दोन द्यावेत; शेवट जानेवारीच्या सुरुवातीला जाईल. पात्रांची गोष्ट मात्र त्याआधीच, उपसंहाराच्या पहिल्या भागात, आंद्रेई बोल्कोन्स्कीच्या मुलाच्या स्वप्नापाशी पुरी झालेली असते.