अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं?

फायव्हर किंवा अपवर्कसारख्या संकेतस्थळावर खातं उघडणारा विद्यार्थी नाव, फोटो, शिक्षण भराभर भरतो आणि अनुभवाच्या रकान्यापाशी थांबतो. तिथे लिहिण्यासारखं काही नसतं. मग बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काही जण एकोणिसाव्या वर्षी ‘पाच वर्षांचा अनुभव’ लिहून मोकळे होतात. बाकीचे टायपिंग, भाषांतर, डिझाइन, डेटा एन्ट्री अशी सगळी कामं एका दमात लिहून ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ अशी पुस्ती जोडतात. पहिल्यांचं खोटं वयावरूनच उघडं पडतं. दुसऱ्यांचं सगळं खरं असतं, पण ते वाचून ग्राहकाला काही कळत नाही. काम देणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की माझ्या हातातलं हे काम या मुलाला जमेल का?

मराठी मुलांच्या हाताशी असलेलं एक काम यासाठी उदाहरण म्हणून घेण्यासारखं आहे. छोट्या प्रकाशकांकडे, साप्ताहिकांकडे, संस्थांकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडून आहे. तो ई-पुस्तकात किंवा संकेतस्थळावर घ्यायचा तर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर ejkBh असा दिसतो, कारण त्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो.

रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात आणि क्षणात काम करतात. मात्र त्यांनी दिलेला मजकूर जसाच्या तसा छापता येत नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, म्हणून ‘दिवस’ fnol असा साठवला जातो. युनिकोडमध्ये तीच वेलांटी अक्षरानंतर साठवावी लागते. जोडाक्षर आलं की ही अदलाबदल कधी कधी चुकते आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मराठीची आणखी एक अडचण म्हणजे हिंदीसाठी बनवलेली साधनं ‘दुसऱ्या’चं पुष्कळदा ‘दुसर्या’ करून ठेवतात. या चुका यंत्राला दिसत नाहीत, मराठी नीट वाचणाऱ्याला लगेच खटकतात. इथेच एखाद्या विद्यार्थिनीला पैसे मिळू शकतात.

समजा, नाशिकमध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी शिकणारी एक मुलगी या कामासाठी प्रोफाइल तयार करते आहे. अनुभव नाही, तर तिला नमुना लागेल. तो कुठून आणायचा? महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकाच्या फाइली पुष्कळदा अशाच फॉन्टमध्ये असतात. संपादक प्राध्यापकांची आणि लेखकाची परवानगी घेऊन त्यातला एक लेख तिने घ्यावा. परवानगी मिळाली नाही, तर साने गुरुजींच्या लेखनातलं एखादं पान कृतिदेवमध्ये स्वतः टाइप करावं. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होतं, आणि गुरुजींचं निधन 1950 सालचं आहे.

आता या एका पानाची तीन रूपं शेजारी शेजारी ठेवायची: मूळ मजकूर, यंत्राने दिलेला मजकूर आणि तिने हाताने दुरुस्त केलेला मजकूर. मधल्या पानावरच्या चुकांना लाल खूण करायची. हे चित्र पाहिलेल्या ग्राहकाला तिची नजर किती बारीक आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मते संपूर्ण प्रोफाइलमध्ये सर्वांत जास्त वेळ याच एका चित्रावर घालवावा.

वर्णन त्यानंतर, आणि तेही थोडक्यात. फायव्हरवरचे ग्राहक जगभरचे असल्याने ते इंग्रजीत लिहावं लागेल. त्याचा आशय साधारण असा: ‘कृतिदेवमधला मराठी मजकूर मी युनिकोडमध्ये आणून देते आणि प्रत्येक ओळ वाचून वेलांट्या, रफार व जोडाक्षरं दुरुस्त करते. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी आहे. नमुना सोबत पाहा. स्कॅन केलेली पानं आणि गणिताची पुस्तकं मी घेत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य वगळायचा मोह होतो, पण ते ठेवावंच. स्कॅन केलेल्या पानात अक्षरं नसतात, नुसतं चित्र असतं, आणि त्यातून मजकूर काढणं हे निराळं काम आहे. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच ग्राहकाशी वाद होईल.

दर ठरवताना अंदाजावर विसंबू नये. तिने दहा पानं घड्याळ लावून दुरुस्त करून पाहावीत. समजा, एका पानाला बारा मिनिटं लागली, तर दहा पानांना दोन तास झाले. त्यासाठी दहा डॉलर लावले, तर फायव्हर वीस टक्के, म्हणजे दोन डॉलर कापून घेतं आणि आठ उरतात. तासाला चार डॉलर झाले. त्यातून बँकेपर्यंत पैसे आणण्याचा खर्च पुन्हा वेगळा. शिवाय काम पूर्ण झाल्याची नोंद झाल्यावरही नव्या विक्रेत्याचे पैसे चौदा दिवस राखून ठेवले जातात, त्यामुळे पुढच्या आठवड्यातली परीक्षा फी या कमाईतून भरायचा बेत कोणी करू नये. मुदत देताना दोन तासांच्या कामाला तीन दिवस मागावेत, कारण मध्ये सबमिशन असतंच.

एवढं करूनही फायव्हरवर पहिली ऑर्डर यायला वेळ लागतो, कारण परीक्षणं नसलेलं खातं शोधात खाली राहतं. काही मुलं मित्रांकडून खोट्या ऑर्डरी आणि पाच तारे मिळवतात. हे तिथल्या नियमांत बसत नाही आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं. त्यापेक्षा तेच चित्र आणि त्याच चार ओळी मराठीत लिहून दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि लहान प्रकाशकांना थेट पाठवाव्यात. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने त्यांच्याकडे मुद्रितशोधनाची धांदल असते. इथे पैसे यूपीआयने येतात आणि निम्मी रक्कम आगाऊ मागायला हरकत नसते. कोणी ‘चाचणी म्हणून’ चाळीस पानं फुकट मागितली, तर एक पान करून द्यावं आणि बाकीच्याचा दर सांगावा.

याच टप्प्यावर फसवणूकही गाठते. टायपिंगचं काम देतो, आधी नोंदणी शुल्क भरा, असं सांगणारा माणूस काम देणारा नसतो. दुसरा प्रकार याहून वाईट आहे. करार म्हणून काहीतरी ऑनलाइन सही करून घेतात, अशक्य मुदतीत शेकडो पानं मागतात आणि मग अचूकता कमी पडली म्हणून वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस पाठवतात. मुलं घाबरून घरी न सांगता पैसे भरतात. अशी नोटीस आली तर पैसे न भरता ती आधी घरच्यांना दाखवावी, संदेश जपून ठेवावेत आणि सायबर गुन्ह्यांच्या 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करावी.

पहिलं काम पार पडलं, की ग्राहकाच्या परवानगीने त्यातलं एक पान नमुन्यात घालावं आणि सरावाचं पान काढून टाकावं. मराठी विभागांच्या प्राध्यापकांना मात्र एक विनंती आहे. आपल्या कपाटातल्या जुन्या वार्षिकांकांच्या फाइली लेखकांच्या संमतीने विद्यार्थ्यांना या कामासाठी द्या आणि झालेल्या कामाबद्दल चार ओळींचं पत्र द्या. त्या पत्राने अनुभवाचा रकाना खरेपणाने भरता येईल आणि महाविद्यालयाचे जुने अंकही पुन्हा वाचता येतील.