वीस टक्के नफा, वीस टक्के तोटा

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत नफा-तोट्याचे एक गणित हमखास भेटते. दुकानदाराने दोन पंखे प्रत्येकी 2400 रुपयांना विकले. एकावर 20 टक्के नफा झाला, दुसऱ्यावर 20 टक्के तोटा. एकूण व्यवहारात काय झाले? पाठ केलेले सूत्र सांगते, तोटा x²/100 टक्के, म्हणजे 4 टक्के.

उत्तर बरोबर आहे. शेकडा नफा-तोटा नेहमी खरेदीवर मोजतात. पहिला पंखा 2000 रुपयांना घेतलेला असणार आणि दुसरा 3000 रुपयांना. खरेदी 5000, विक्री 4800, तोटा 200 रुपये. नफ्याचे 20 टक्के लहान रकमेवर मिळाले आणि तोट्याचे 20 टक्के मोठ्या रकमेवर गेले, म्हणून तोटा झाला.

आता प्रश्नातला एकच शब्द बदलू. दोन्ही पंखे प्रत्येकी 2500 रुपयांना *खरेदी* केले, बाकी सगळे तेच. एक 3000 रुपयांना गेला, दुसरा 2000 रुपयांना. घातले तेवढेच परत आले, ना नफा ना तोटा. इथेही घाईत 4 टक्के तोटा लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. विक्री किंमत समान हवी, ही अट सूत्राच्या पोटात असते. पाठांतराच्या वहीत मात्र ती लिहिलेली नसते.

दुसरी अट याहून फसवी आहे. नफा 20 टक्के, तोटा 10 टक्के आणि विक्री किंमत समान, असा प्रश्न आला की x²/100 चालत नाही, कारण x एकच नाही. मग विद्यार्थी a + b + ab/100 हे सूत्र काढतात: 20 − 10 − 2, म्हणजे 8 टक्के नफा. हे सूत्र एकाच किमतीत लागोपाठ होणाऱ्या दोन बदलांचे आहे, आधी 20 टक्के वाढ आणि मग त्या वाढलेल्या किमतीवर 10 टक्के घट. इथे तर वस्तूच दोन आहेत. प्रत्येकी 360 रुपयांना विकल्या असे धरू. खरेदी 300 आणि 400, एकूण 700. विक्री 720. नफा 700 वर 20 रुपये, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी.

गोंधळाचे मूळही इथेच आहे. दोन्ही टक्के सारखे असले की ही दोन वेगळी सूत्रे योगायोगाने एकच उत्तर देतात: 20 − 20 − 4, म्हणजे उणे 4. त्यामुळे ती एकच आहेत असा समज होतो आणि टक्के वेगळे होताच तो तोंडघशी पाडतो. शिकवणाऱ्यांनी हा योगायोग फळ्यावर उलगडून दाखवायलाच हवा, असे मला वाटते.

सूत्र लावण्यापूर्वी प्रश्नात ‘प्रत्येकी’ हा शब्द खरेदीला लागला आहे की विक्रीला, हे पाहा, आणि टक्के वेगवेगळे असतील तर सूत्र सोडून सोयीची रक्कम धरून सरळ हिशेब करा.