साडेबारा की साडेतेरा?

सांगलीतले एक घर समजा. रविवारी सकाळी आठ वाजता आजी-आजोबा चहा आटोपून फोन घेऊन बसतात. लेक कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असते. तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. नातू खेळून आलेला असतो, जेवणाला अवकाश असतो, गप्पा रंगतात. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असा क्रम सुरळीत चालतो. मग मार्चमधल्या एका रविवारी त्याच आठच्या ठोक्याला फोन लागतो आणि लेक हळू आवाजात म्हणते, "आई, आत्ताच झोपवलंय गं त्याला." आजींचे घड्याळ बिघडलेले नसते, लेकीचेही नाही. फक्त तिकडे आता साडेसहाऐवजी साडेसात वाजलेले असतात.

परदेशातल्या माणसांना फोन करताना होणारा सगळ्यात मोठा घोटाळा हा आहे. मोबाइलवर जागतिक घड्याळ लावून तो बराचसा टळतो, पण ते नीट लावले तर.

घोटाळ्याचे मूळ असे. भारत वर्षभर एकाच वेळेवर चालतो, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. अमेरिकेचा बहुतेक भाग मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते मागे घेतो. त्यामुळे कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा. न्यू जर्सीसाठी हेच आकडे साडेनऊ आणि साडेदहा. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. लंडन त्यामुळे कधी साडेचार, तर कधी साडेपाच तास मागे असते. मेलबर्न आणि सिडनीत ऋतूच उलटे. तिथले घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जाते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येते. दुबई आणि सिंगापूर या भानगडीत पडत नाहीत. दुबई कायम दीड तास मागे, सिंगापूर कायम अडीच तास पुढे.

एकाच शहराच्या दोन वेळा पाळणे महाराष्ट्राला अगदी अनोळखी नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबईने स्वतःची वेगळी वेळ १९५५पर्यंत जपली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. मात्र तो फरक ठरलेला होता. वर्षातून दोनदा बदलणारा फरक डोक्यात ठेवणे कुणालाही जड जाते, आणि फोनमधल्या घड्याळाचा उपयोग तिथेच आहे. वेळ कधी बदलते याचे नियम फोनमध्ये आधीपासून भरलेले असतात. आपण फक्त शहर सांगायचे.

अँड्रॉइड फोनवर घड्याळाचे अ‍ॅप उघडून जागतिक घड्याळाच्या पानावर जायचे, अधिकच्या खुणेवर बोट ठेवायचे, शहराचे नाव लिहायचे आणि यादीतून निवडायचे. आयफोनवरही हेच, फक्त Clock अ‍ॅपमध्ये खाली World Clock निवडावे लागते. पण एवढ्यावर थांबलात तर काम अर्धेच होते, कारण फोन लावण्याआधी कुणी ते अ‍ॅप उघडून पाहत नाही. घड्याळ पडद्यावर समोरच दिसायला हवे. त्यासाठी मुख्य पडद्याच्या रिकाम्या जागेवर बोट दाबून धरावे, विजेट्सचा पर्याय निवडावा, त्यात घड्याळ शोधावे आणि शहराची चौकट पडद्यावर आणून ठेवावी. सॅमसंगच्या फोनवर Dual clock नावाची दोन शहरांची चौकट मिळते, तर आयफोनवर चार शहरे एकत्र दाखवणारी. ती ठेवायची जागाही विचार करून निवडावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हाच्या बरोबर वर ठेवली, तर बोट पुढे जाण्याआधी नजर तिच्यावर पडते.

शहर निवडताना दोन गोष्टी सांभाळायच्या. लेकीचे गाव यादीत नसेल, तर नकाशावर जवळ दिसणारे मोठे शहर डोळे झाकून घेऊ नये. तिच्या गावाला लागू असलेलाच वेळेचा नियम पाळणारे शहर घ्यावे. सॅन होजे सापडले नाही तर लॉस एंजेलिस चालते, कारण सगळा कॅलिफोर्निया एकाच वेळेवर चालतो. पण मुलगा अ‍ॅरिझोनात फीनिक्सजवळ नोकरीला असेल आणि शेजारच्या राज्यातले म्हणून डेन्व्हर लावले, तर हिवाळ्यात वेळ जुळेल आणि मार्चनंतर एक तासाने चुकेल. फीनिक्स घड्याळ हलवत नाही, डेन्व्हर हलवते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन आणि सिडनी यांचे नाते असेच आहे. सिडनी वेळ बदलते, ब्रिस्बेन बदलत नाही. सोपा उपाय असा, की चौकट लावल्यावर एकदा मुलालाच विचारावे, "तुझ्याकडे आत्ता किती वाजले?" आणि हाच प्रश्न एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा विचारावा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. परदेशातल्या शहराबरोबर यादीत मुंबईही घालावी. आपल्याच देशाची वेळ कशाला, असे वाटेल, पण सगळी यादी बरोबर आहे की नाही हे मुंबईवरूनच कळते. एक नेहमीची चूक पाहा. आजोबा सहा महिने लेकीकडे राहून परत येतात. फोनमधली आपोआप वेळ ठरवण्याची सोय कुणीतरी बंद केलेली असते. घरी आल्यावर फोन अमेरिकेचीच वेळ दाखवतो, म्हणून ते काटे फिरवावेत तसे आकडे हाताने बदलून भारताची वेळ लावतात. वरवर सगळे ठीक दिसते. पण फोन अजून स्वतःला कॅलिफोर्नियातच समजत असतो आणि तिथे सकाळचे आठ वाजलेत असे धरून जगाचा हिशेब करतो. आता यादीतले सॅन होजे सांगलीइतकीच वेळ दाखवते आणि मुंबई रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ. मुंबईची ओळ आणि भिंतीवरचे घड्याळ जुळत नसेल, तर सेटिंगमध्ये तारीख व वेळ उघडून वेळ आणि वेळेचा प्रदेश हे दोन्ही आपोआप घेण्याचा पर्याय चालू करावा. घरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवायची सवय पुष्कळ घरांत असते. ती भिंतीवर खुशाल ठेवावी, फोनमध्ये नको.

सगळे बरोबर लावूनही कॅलिफोर्नियाच्या बाबतीत एक फसगत होते. उन्हाळ्यातल्या साडेबारा तासांच्या फरकामुळे दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. सांगलीत आठ, तिकडे साडेसात. सकाळ-संध्याकाळ सांगणारी अक्षरे इतकी बारीक असतात, की चष्म्याशिवाय ती दिसत नाहीत. दुपारी अडीचला मोकळा वेळ मिळालेल्या आजी चौकटीत दोन वाजलेले पाहतात आणि तिकडेही दुपारच असेल असे समजून फोन लावतात. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. अशा घरी फोनला चोवीस तासांची वेळ दाखवायला सांगावी, म्हणजे दुपारच्या १४:३०शेजारी रात्रीचे ०२:०० दिसेल आणि गोंधळाला जागा उरणार नाही. ही सवय नकोशी वाटत असेल, तर काट्यांचे घड्याळ घ्यावे. आयफोनच्या चौकटीत त्या शहरात दिवस असताना तबकडी पांढरी असते आणि रात्र असताना काळी. काळी तबकडी दिसली, की फोन खाली ठेवायचा. आजींसाठी हा नियम पुरेसा आहे.

आता या घड्याळाची मर्यादा. ते आत्ताची वेळ दाखवते, पुढच्या रविवारची नाही. म्हणून दर आठवड्याची वेळ ठरवताना घरात आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कुणाचे घड्याळ खरे मानायचे? सांगलीचे सकाळचे आठ कायम धरले, तर लेकीकडे हिवाळ्यात साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात होतात आणि नातवाच्या झोपेशी गाठ पडते. लेकीचे शनिवारचे साडेसहा धरले, तर सांगलीला हिवाळ्यात आठ वाजता आणि उन्हाळ्यात सातला बसावे लागते. मुलगा मेलबर्नहून त्याच कॉलवर येत असेल, तर त्याच्याकडे रविवारच्या दुपारचे दीड, साडेबारा किंवा साडेअकरा वाजलेले असतात आणि ही तिन्ही उत्तरे वर्षभरात कधी ना कधी खरी ठरतात. त्याला यातली कुठलीही वेळ जमते. आजी-आजोबा पहाटेच उठलेले असतात. अडचण फक्त लहान मुलाची आहे, तेव्हा त्याच्या घरचे घड्याळ प्रमाण धरणे योग्य. ज्याच्या दिवसात हलायला सगळ्यात कमी जागा, त्याची वेळ पक्की, बाकीच्यांनी तासभर सरकावे.

हे लक्षात ठेवण्याचे काम गूगल कॅलेंडर करते. नवीन नोंद करताना तारखेजवळच वेळेचा प्रदेश बदलण्याची ओळ असते. तिथे कॅलिफोर्नियाची वेळ निवडून शनिवारी संध्याकाळी साडेसहा लिहावे आणि नोंद दर आठवड्याला येईल अशी करावी. आजींच्या फोनवर ती रविवारी सकाळी आठला वाजेल आणि मार्चच्या बदलानंतर कुणी काही न करता सातला वाजू लागेल. नोंद भारताच्या वेळेने केली, तर उलटे होईल. वाजेल ती आठलाच आणि नातू पुन्हा झोपलेला सापडेल. दिवसाकडेही लक्ष हवे. आजींचा रविवार सुरू झाला तरी लेकीचा शनिवार संपलेला नसतो, त्यामुळे "रविवारी बोलू" एवढेच म्हटले, तर दोघींच्या मनात दोन वेगळे दिवस असू शकतात.

सणांच्या वेळी हा हिशेब आधीच करून ठेवावा, कारण मुहूर्त सांगलीच्या सूर्यावर चालतो. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरात आली. अमेरिकेतली घड्याळे तेव्हा मागे गेली नव्हती, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाच्या पूजेच्या वेळी कॅलिफोर्नियात सकाळचे सहा वाजले होते. २०२६मध्ये घड्याळे १ नोव्हेंबरला मागे जातील आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. त्याच साडेसहाला तिकडे पहाटेचे पाच वाजलेले असतील. पूजा, फराळ आटोपून साडेआठला फोन लावा. सॅन होजेत तेव्हा रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतील.