205 क्रमांकाचा माग

रासायनिक कारखान्यातल्या कामाचा खरा नकाशा म्हणजे पी अँड आयडी. तारापूर असो, लोटे असो की पाताळगंगा, कंट्रोल रूममधल्या कपाटात या नकाशांच्या गुंडाळ्या असतातच. त्यावर पाइप, टाक्या, पंप दिसतात आणि मध्येमध्ये इंग्रजी अक्षरं व आकडे लिहिलेली असंख्य वर्तुळं. नवखा माणूस या वर्तुळांनीच गोंधळतो. खरं तर एक आकडा धरून चाललं, की त्या गर्दीतून एक सलग वाट दिसू लागते. आपण 205 हा आकडा धरू.

उदाहरण साधं घेऊ. वाफेवर चालणारा एक हीट एक्स्चेंजर आहे. एका बाजूने द्रव येतो, दुसऱ्या बाजूने वाफ, आणि बाहेर पडणारा द्रव 75 अंश सेल्सियसवर राहायला हवा. तो तसा राखणारी उपकरणांची साखळी म्हणजे कंट्रोल लूप. नकाशावर या साखळीतल्या प्रत्येक उपकरणाला 205 हाच क्रमांक दिलेला असतो. क्रमांकाला आडनाव समजावं: ते सांगतं की ही सगळी एका घरातली मंडळी. घरात कोण काय काम करतं, ते क्रमांकाआधीची अक्षरं सांगतात.

अक्षरांचा नियम जागेवर अवलंबून आहे. पहिलं अक्षर काय मोजायचं ते सांगतं: T म्हणजे तापमान, P दाब, F प्रवाह, L पातळी. त्यानंतरची अक्षरं त्या मापाचं काय करायचं ते सांगतात: I म्हणजे दाखवणं, C नियंत्रण, T पुढे पाठवणं, E संवेदक, V व्हॉल्व्ह. म्हणून TT मधला पहिला T तापमानाचा आणि दुसरा पाठवण्याचा. LT मधला T मात्र पातळीचं माप पाठवणारा आहे, त्याचा तापमानाशी संबंध नाही.

आता चालायला सुरुवात करू. एक्स्चेंजरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपवर TE-205 आहे, म्हणजे तापमानाचा संवेदक. त्याला जोडून TT-205 हा ट्रान्समीटर. त्याच्या वर्तुळात आडवी रेघ नाही, म्हणजे तो बाहेर प्लँटमध्येच, पाइपाजवळ बसवलेला आहे. त्याच्यापासून एक तुटक रेघ निघते. तुटक रेघ म्हणजे विजेचा सिग्नल, बहुतेक ठिकाणी 4 ते 20 मिलिअँपिअरचा. ट्रान्समीटर 0 ते 150 अंशांसाठी लावला असेल तर 75 अंशांना बरोबर मधला, म्हणजे 12 मिलिअँपिअरचा प्रवाह मिळतो.

ही रेघ TIC-205 पाशी पोचते: तापमान दाखवणारा आणि नियंत्रित करणारा कंट्रोलर. त्याच्या वर्तुळाच्या मधून एक अखंड आडवी रेघ गेलेली आहे, म्हणजे तो कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या हाताशी आहे. वर्तुळाभोवती चौकोन आहे, म्हणजे हे स्वतंत्र डबडं नाही, संगणकीय नियंत्रण प्रणालीच्या पडद्यावर तो दिसतो. कंट्रोलर मोजलेलं तापमान आणि हवं असलेलं तापमान यांतला फरक पाहून नवा सिग्नल सोडतो. तो TY-205 कडे जातो. Y हे रूपांतराचं अक्षर. इथे विजेच्या सिग्नलचा हवेच्या दाबात बदल होतो: 4 ते 20 मिलिअँपिअरचे 3 ते 15 पीएसआय. म्हणून TY च्या पुढच्या रेघेचं रूपही बदलतं. ती आता अखंड आहे आणि तिच्यावर दोन-दोन तिरक्या काट्या आहेत. ती हवेची नळी. नवीन प्लँटमध्ये विजेचा सिग्नल थेट व्हॉल्व्हच्या पोझिशनरला दिलेला असतो, तेव्हा TY वेगळा दिसणार नाही.

शेवटी TV-205, वाफेच्या पाइपवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याच्याजवळ FC लिहिलेलं आहे: हवा गेली तर व्हॉल्व्ह बंद होईल. वाफेसाठी हेच सुरक्षित. इथे सिग्नलच्या रेघा संपतात. व्हॉल्व्हपासून संवेदकापर्यंत परत जाणारी एकही सिग्नलची रेघ नकाशावर सापडणार नाही, कारण साखळीचा उरलेला भाग पाइपातून जातो. व्हॉल्व्ह उघडला, वाफ वाढली, द्रव तापला, तेच TE-205 ला कळलं. लूप पुरा झाला.

हे वाचन बिघाडाच्या वेळी कामाला येतं. समजा, पडद्यावर TIC-205 ठीक 75 दाखवतो आहे, पण पुढच्या टाकीत द्रव थंड पोचतो. नकाशावर पाहिलं तर त्याच पाइपवर TI-206 हा साधा थर्मामीटर आहे. त्याचा क्रमांक वेगळा, म्हणजे तो 205 च्या संवेदकावर अवलंबून नाही. म्हणून त्याची साक्ष ग्राह्य. त्याने 66 दाखवलं तर संशय TE आणि TT वर येतो. दोन्ही 66 दाखवत असतील आणि कंट्रोलर व्हॉल्व्हला शंभर टक्के उघड म्हणत असेल, तर मोजमाप बरोबर आहे. मग पुढे चालत TY ची हवा, व्हॉल्व्हचा दांडा आणि वाफेचा दाब तपासायचा.

सुरक्षेचा प्रश्नही याच क्रमांकावर उलगडतो. वायर तुटली तर प्रवाह 4 मिलिअँपिअरच्या खाली जातो आणि बिघाड ओळखू येतो. शून्यापासून सुरुवात न करण्याचं एक मोठं कारण हेच. पण संवेदकच चुकून कमी तापमान सांगू लागला, तर कंट्रोलर इमानाने वाफ वाढवत राहील. अशा वेळी वाफ तोडायला TSHH-208 असतो, अतिउच्च तापमानाचा स्विच. तो स्वतःच्या TT-208 वरून माप घेतो आणि XV-208 हा वेगळा व्हॉल्व्ह बंद करतो. हाच स्विच नकाशावर TT-205 ला जोडलेला दिसला, तर तिथे थांबून प्रश्न विचारायला हवा, कारण मग एकच बिघडलेला संवेदक नियंत्रण आणि संरक्षण दोन्हींना आंधळं करील.

चिन्हांचे अर्थ आयएसए 5.1 या मानकातून येतात, पण आवृत्त्यांत फरक आहे. चौकोनातला हिरा 1984 च्या आवृत्तीत पीएलसी दाखवतो, तर 2009 च्या आवृत्तीत सुरक्षा प्रणालीसाठी वापरला जातो. त्यातच काही कारखाने लूपमधल्या व्हॉल्व्हलाही TCV लिहितात, जे मानकात स्वतःच चालणाऱ्या व्हॉल्व्हसाठी आहे. त्याच्यापर्यंत सिग्नलची रेघ येते की नाही, यावरून खरं काय ते कळतं.

नकाशाला मर्यादाही आहेत. तो मापात काढलेला नसतो. शेजारी दिसणारी दोन उपकरणं प्रत्यक्षात वेगळ्या मजल्यांवर असू शकतात. कुठली वायर कुठल्या टर्मिनलला, हे लूप डायग्राममध्ये पाहावं लागतं. म्हणून पी अँड आयडी हाती घेतला की आधी त्याचं चिन्हांचं पान आणि सुधारणेची तारीख पाहा, एक क्रमांक निवडा, आणि तोच क्रमांक प्लँटमध्ये प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवर वाचत चाला. नकाशा आणि पाइप यांत फरक आढळला, तर लाल पेनाने खूण करून ड्रॉइंग ऑफिसला कळवा. पुढच्या पाळीतला माणूस त्याच कागदावर विश्वास ठेवून व्हॉल्व्ह फिरवणार आहे.