महिन्याचे गुणोत्तर: साक्रीच्या सौर प्रकल्पावरून

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर दोन टक्केवाऱ्या हमखास दिसतात. पहिली क्षमता वापर गुणांक, म्हणजे सीयूएफ. दुसरी कार्यसिद्धी गुणोत्तर, म्हणजे पीआर. दोन्ही रोज मोजल्या जातात, पण त्यांच्यावरून महिन्याचा आकडा काढण्याची रीत एकसारखी नाही.

सीयूएफ म्हणजे झालेली वीजनिर्मिती भागिले पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालल्यास होणारी निर्मिती. हा भाजक रोज तेवढाच असतो. म्हणून एकाच प्रकल्पाच्या तीस दिवसांच्या सीयूएफची साधी सरासरी महिन्याच्या खऱ्या सीयूएफइतकीच येते. पीआरचा भाजक मात्र उन्हाबरोबर बदलतो. आयईसी ६१७२४ या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेल्या या गुणोत्तरात, पॅनेलच्या पृष्ठभागावर त्या दिवशी जेवढे ऊन पडले त्यावरून अपेक्षित वीज काढतात आणि प्रत्यक्ष विजेला तिने भागतात.

१,००० किलोवॅटच्या एका काल्पनिक संचावर पावसाळ्यातील तीन दिवस पाहू. पहिल्या दिवशी उघडीप होती: अपेक्षित ६,००० युनिट, मिळाले ४,६२०, पीआर ७७ टक्के. दुसऱ्या दिवशी अपेक्षित ५,०००, मिळाले ३,९००, पीआर ७८ टक्के. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले: अपेक्षित फक्त १,०००, मिळाले ८८०, पीआर ८८ टक्के. ढगाळ दिवशी पीआर वाढलेला पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. कारण तापमानात आहे. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के घटते. कडक उन्हात तापलेले पॅनेल त्यामुळे बरेच गमावते, थंड पॅनेल कमी.

तीन टक्केवाऱ्यांची साधी सरासरी ८१ टक्के येते. बेरजांवरून काढले तर ९,४०० भागिले १२,०००, म्हणजे ७८.३ टक्के. फरक तिसऱ्या दिवसामुळे पडला: त्याच्या वाट्याला अपेक्षित विजेचा बारावा भाग होता, पण साध्या सरासरीत त्याला तिसरा हिस्सा मिळाला. रोजच्या टक्केवारीला त्या दिवसाच्या अपेक्षित युनिटांचा भार दिला, तर भारित सरासरीही नेमकी ७८.३ च येते. भार नेहमी भाजकाचा घ्यायचा. प्रत्यक्ष निर्मितीचा भार दिला तर उत्तर पुन्हा चुकते.

विदाभांडाराच्या शास्त्रात राल्फ किंबॉल यांच्या मांडणीने रूढ झालेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. युनिटांसारखी मापे बेरजेय असतात. ती दिवसांवर आणि संचांवर निःशंकपणे मिळवता येतात. एखाद्या क्षणाचा साठा संचांवर मिळवता येतो, दिवसांवर नाही. ते माप अंशतः बेरजेय. टक्केवारी कोणत्याच दिशेने मिळवता येत नाही, ती अबेरजेय. सीयूएफची सुरक्षितताही संच बदलले की संपते: ५० मेगावॅटच्या संचाचा २० टक्के आणि ७५ मेगावॅटच्या संचाचा १८ टक्के असेल, तर एकत्रित उत्तर १९ नसून १८.८ आहे.

म्हणून रोजच्या तक्त्यात अंश आणि भाजक या दोन्ही राशी साठवाव्यात आणि भागाकार प्रश्न विचारला जाईल तेव्हाच करावा:

```sql
SELECT 100.0 * SUM(nirmiti_kwh)
       / NULLIF(SUM(apekshit_kwh), 0) AS pr
FROM roj
WHERE nirmiti_kwh IS NOT NULL
  AND apekshit_kwh IS NOT NULL;
```

यातील `NULLIF` शून्याने भागण्याचा दोष टाळतो. शेवटच्या दोन अटी त्याहून महत्त्वाच्या वाटतात. ऊन मोजणारा पायरानोमीटर एक दिवस बंद पडला, तर निर्मितीची नोंद राहते, अपेक्षित विजेची मात्र राहत नाही. तो दिवस अंशात मोजून भाजकात गाळला तर पीआर फुगतो. दिवस गाळायचा तर दोन्हीकडून गाळावा, आणि किती दिवस गाळले ते पडद्यावर आकड्याशेजारी दाखवावे.

डॅशबोर्ड ताजा होताना दुसरा दोष डोकावतो. मीटरचे वाचन दोन दिवसांनी दुरुस्त होऊन आले, की युनिटांचा रकाना बदलतो. आधीच काढून ठेवलेला टक्क्यांचा रकाना जुनाच राहतो. बेरजांवरून काढलेले गुणोत्तर ही दुरुस्ती आपोआप घेते.

चुकीची रीत ओळखण्याची कसोटी सोपी आहे. महिन्याचा आकडा एकदा थेट रोजच्या नोंदींवरून काढावा, एकदा आठवड्यांवरून. टक्क्यांची सरासरी काढणाऱ्या पडद्यावर ही दोन उत्तरे बहुधा वेगळी येतात. बेरजांवर चालणाऱ्या पडद्यावर दशांशापर्यंत जुळतात. "सर्वसाधारण दिवस कसा गेला" एवढाच प्रश्न असेल, तर साध्या सरासरीलाही जागा आहे. मात्र तिच्या शीर्षकात ‘रोजच्या पीआरची सरासरी’ असे लिहावे, ‘महिन्याचा पीआर’ असे नव्हे.