आठ नंबर संपला, तर पेजवर काय दिसेल?

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधलं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. मालकांनी ऑनलाइन विक्रीचं मनावर घेतलंय आणि पुण्यातला एक फ्रीलान्सर त्यांची वेबसाइट बांधतोय. पहिलं पान झालं, पैसे भरायची सोय झाली. आता पाळी आहे प्रॉडक्ट पेजची, म्हणजे एकेका चपलेची माहिती देऊन ती विकणाऱ्या पानाची. रात्री शटर ओढल्यावर मालक मेसेज टाकतात:

“दादा, चपलेचं पेज एकदम भारी झालं पाहिजे. मोठ्या कंपन्यांचं असतं तसं. फोटो मोठे, कलर प्रीमियम, पण जरा आपला ट्रॅडिशनल टच. सगळी माहिती आली पाहिजे. शुक्रवारपर्यंत बघा तेवढं.”

असे मेसेज रोज शेकड्यांनी जात असतील. पण यातल्या एकाही वाक्यावरून काही बांधता येत नाही. ‘प्रीमियम’ म्हटल्यावर फ्रीलान्सर काळ्यावर सोनेरी अक्षरं आणतो. मालकांच्या मनात विटकरी रंग असतो. त्यात दोन फेऱ्या जातात. रंगाचं भांडण तसं स्वस्तातलं, कारण ते डोळ्यांना लगेच दिसतं. महाग पडतं ते, जे मेसेजमध्ये आलेलंच नाही. फ्रीलान्सरने आयुष्यात चपलेचं दुकान चालवलेलं नसतं. त्यामुळे सांगायच्या राहिलेल्या जागा तो तयार साच्यातल्या मजकुराने भरतो. तो साचा बहुधा टी-शर्टसाठी केलेला असतो, आणि मग कापशी चपलेखाली ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’ झळकतं.

मालकांकडे या जागा भरायला हवी ती सगळी माहिती असते, फक्त ती माहिती आहे हे त्यांच्या लक्षात नसतं. गल्ल्यावर उभं राहून दिवसभर ते तीच तीच उत्तरं देत असतात. गिऱ्हाईक चप्पल उचलतं, उलटी करून तळ बघतं आणि विचारतं, केवढ्याला? मग, माझ्या नंबरात आहे का? चामडं कशाचं? वाजणारी आहे का? पावसात चालेल? नाही बसली तर बदलून द्याल ना? हे प्रश्न ज्या क्रमाने येतात तोच पेजचा क्रम. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर सगळं एकाखाली एकच दिसतं, त्यामुळे काय आधी आणि काय नंतर हा निर्णय तिथे टळत नाही. मेसेजची सुरुवात अशी करता येते: “वर फोटो. त्याखाली नाव आणि किंमत. लगेच रंग आणि नंबर निवडायची सोय, मग ‘खरेदी करा’. चामड्याची माहिती आणि बदलून देण्याच्या अटी त्याच्या खाली. दुकानाचा इतिहास या पेजवर नको.” शेवटचं वाक्य लिहिताना मालकांना जड जाईल. आजोबांनी दुकान कसं थाटलं ते सगळ्यांत वर हवं असं बहुतेकांना वाटतं. त्याची जागा ‘आमच्याविषयी’ या पानावर.

यातला नंबराचा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि पैसे बुडतात तेही तिथेच. आपल्याकडे चपलांना सहसा ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात. त्यात एका नंबरामागे लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. ब्रिटिश ८ म्हणजे युरोपातला ४२ आणि अमेरिकेतला पुरुषांचा साधारण ९. न्यू जर्सीत राहणाऱ्या पुतण्याने सवयीने ९ मागवला, तर त्याला एक नंबर मोठी चप्पल जाणार. त्यात कोल्हापुरी हाताने बनते. दोन कारागिरांच्या आठ नंबरात थोडा फरक असू शकतो. नवी असताना अंगठा घट्ट लागतो, वापरून चामडं सैलावतं. हे गल्ल्यावर मालक बोलून सांगतात. पेजवर ते लिहिलं नाही, तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक चप्पल परत पाठवतं.

इथे हिशेब मांडून बघावा. समजा जोड १,४०० रुपयांचा आणि कुरिअरला एका खेपेचे ९० रुपये लागतात. नंबर चुकला की चप्पल एकदा जाते, एकदा परत येते आणि बदललेला जोड पुन्हा जातो. तीन खेपांचे २७० रुपये झाले आणि परत आलेल्या जोडावर पायाची खूण उमटलेली असेल, तर तो नवा म्हणून विकता येत नाही. म्हणून मेसेजमध्ये या भागावर सढळ हाताने लिहावं: “नंबराच्या चौकटींशेजारी ‘माप कसं घ्यायचं’ असं बटण हवं. ते दाबलं की त्याच पेजवर तक्ता उघडू दे, दुसरीकडे जायला नको. तक्त्यात ब्रिटिश, युरोपियन, अमेरिकन नंबर आणि पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. माप घ्यायची रीत मी लिहून देतो: संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करायची, दोन्ही पाय मोजून मोठा धरायचा.” तक्त्यातले आकडे नेटवरून उचलू नयेत. दुकानातल्या प्रत्येक नंबराचे दोन-चार जोड टेपने मोजून मालकांनीच ते द्यावेत. हे काम फ्रीलान्सर पुण्यात बसून करू शकत नाही.

नंबराला लागूनच साठ्याचा प्रश्न येतो. एक चप्पल दोन रंगांत आणि ६ ते ११ अशा सहा नंबरांत असेल, तर दुकानदाराच्या लेखी ती एक वस्तू. वेबसाइटला मात्र ते बारा वेगवेगळे खण दिसतात, आणि प्रत्येकात किती जोड आहेत हे कुणीतरी भरायचं असतं. नमुना दाखवताना फ्रीलान्सर सगळे खण भरलेले दाखवतो. पेज देखणं दिसतं, मालक खूश होतात. पंधरवड्याने काळ्या रंगातला आठ नंबर संपतो. आता काय? चौकट गायब होईल? दिसेल, पण दाबता येणार नाही? की दाबली जाईल, पैसे घेतले जातील आणि मग फोन करून माफी मागावी लागेल? तंत्राच्या दृष्टीने तिन्ही शक्य आहेत. निर्णय धंद्याचा आहे आणि तो मालकांनीच सांगायला हवा: “संपलेला नंबर काढून टाकू नका, फिका दाखवा. त्यावर दाबलं की ‘आल्यावर कळवा’ येऊ दे आणि तो मेसेज दुकानाच्या व्हॉट्सॲपवर जाऊ दे. तपकिरीत तोच नंबर शिल्लक असेल तर तेही दिसू दे.” त्यात आणखी एक मेख आहे. वेबसाइट आणि गल्ला एकाच कपाटातून विकतात. शेवटचा जोड दुपारी दुकानात गेला आणि संगणकावर नोंद रात्री झाली, तर मधल्या काळात तोच जोड ऑनलाइन दुसऱ्यांदा विकला जाईल. साधा उपाय म्हणजे प्रत्येक खणात प्रत्यक्षापेक्षा एक जोड कमी दाखवायचा. एखादी विक्री हुकेल, पण पैसे घेऊन नाही म्हणण्याची वेळ टळेल.

फोटोंबद्दल मालक ‘मोठे’ एवढंच म्हणाले. कोणते हे जास्त महत्त्वाचं आहे. दुकानात गिऱ्हाईक चप्पल उलटी करतं, म्हणून तळाचा फोटो हवा. वेणीची शिलाई जवळून, अंगठा वरून आणि एक फोटो पायात घातलेला, म्हणजे पट्टा किती रुंद ते कळतं. ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी रंग हिरवट येतो, तेव्हा खिडकीशी, थेट ऊन न पडणाऱ्या जागी फोटो काढावेत. आणि ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवू नयेत, कारण पाठवताना त्यातला बारकावा कमी होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडले की मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पेजसाठी त्या हलक्या करायचं काम फ्रीलान्सरचं.

मजकुरात मालक एका वाक्यापाशी अडखळतात: ‘पावसात वापरू नका.’ हे लिहिलं तर कोण घेईल, अशी धास्ती असते. पण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं भिजलं की कडक होतं, रंग सोडतं, हे जूनमध्ये गिऱ्हाइकाला कळणारच आहे. ते पेजवर आधी कळलेलं बरं. तसंच चामडं कोणत्या जनावराचं हे स्पष्ट लिहावं. काहींसाठी घ्यायचं की नाही ते यावरच ठरतं. चप्पल करकर वाजते का, हेही लिहावं. हौशी गिऱ्हाईक त्यासाठीच येतं आणि ऑफिसात जाणारा त्यालाच घाबरतो.

मोठ्या कंपन्यांच्या पेजवर पाहिलेल्या आणखी तीन गोष्टी मालक हमखास मागतात. पहिली, ‘फक्त २ शिल्लक’ अशी लाल पाटी आणि उलटं पळणारं घड्याळ. खरोखर दोनच उरले असतील तर हरकत नाही. खोटी घाई दाखवणं आणि शेवटच्या टप्प्यावर जादा आकार उघड करणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या प्रकारांच्या यादीत आहेत. कुरिअरचे पैसे वेगळे घ्यायचे असतील, तर किंमतीखालीच ते लिहावेत. दुसरी, जीआयचा शिक्का. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांतल्या कोल्हापुरी चपलेला हे भौगोलिक मानांकन आहे. पण त्यामुळे कुणीही ते चिन्ह चिकटवावं असं होत नाही. कायद्याने तो हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांचा आहे. नोंदणी असेल तर क्रमांक कळवावा, नसेल तर फ्रीलान्सरला चिन्ह लावायला सांगू नये. तिसरी, ग्राहकांचे अभिप्राय. नव्या दुकानाच्या पेजवर पाच कोरे तारे केविलवाणे दिसतात, आणि ते खोटे भरणं त्याहून वाईट. पहिले खरे अभिप्राय येईपर्यंत हा भाग लपवून ठेवा, एवढं सांगणं पुरे.

बदलून देण्याच्या अटी ‘सोप्या ठेवा’ असं म्हणून भागत नाही, कारण त्या फ्रीलान्सर ठरवू शकत नाही. किती दिवसांत, घरात गालिच्यावर घालून बघितलेली चालेल का, परतीचं कुरिअर कुणाच्या खिशातून, हे मालकांनी लिहून द्यायचं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे परतीच्या अटी ग्राहकाला दिसतील अशा द्याव्या लागतात आणि तक्रार कुणाकडे करायची तेही सांगावं लागतं. तक्रार आली की ४८ तासांत तिची पोच द्यायची असते.

शेवटी, काम झालं हे ठरवायचं कसं, तेही मेसेजमध्येच यावं, म्हणजे ‘अजून जरा भारी करा’ हा खेळ महिनाभर चालत नाही. “साध्या मोबाइलवर, वाय-फाय बंद करून मी बघणार. पहिला फोटो लवकर उघडला पाहिजे. काळा ८ शिल्लक नसताना विकत घेता येता कामा नये. पायाची लांबी २६ सेंटिमीटर असेल तर कोणता नंबर, हे माझ्या बहिणीला कुणाला न विचारता सापडलं पाहिजे. कुरिअर धरून एकूण किती पैसे होतात ते ‘खरेदी करा’ दाबायच्या आधी कळलं पाहिजे. एवढं जमलं की उरलेली रक्कम त्याच दिवशी. रंग आणि अक्षरं तुम्ही ठरवा. दोन नमुने दाखवा, एक निवडतो.”

असा मेसेज गेला की फ्रीलान्सरचे उलट प्रश्न बदलतात. कोणता रंग आवडेल हे तो विचारत नाही. ‘आल्यावर कळवा’ दाबणाऱ्यांची नोंद किती दिवस ठेवायची, आणि साडेआठ नंबर मागणाऱ्याला ८ सुचवायचा की ९, असं तो विचारतो. दुसऱ्याचं उत्तर मालक कारागिराला विचारून कळवतात.