चौपट पोस्टर आणि मागच्या रांगेतला चेहरा

एआयकडून करून घेतलेल्या चित्राचे मोठे पोस्टर छापले की कपडे, भिंती, आकाश बहुधा निभावून जातात. बिघडतात ते चेहरे. समजा, नाटकाचे पोस्टर 24 बाय 36 इंची आहे आणि चित्र 1024 बाय 1536 पिक्सेलचे. तसेच छापले तर इंचाला जेमतेम 43 पिक्सेल येतील; जवळून पाहायच्या पोस्टरला दीडशेच्या आसपास हवेत. चित्र चौपट केले की इंचाला 170 मिळतात आणि हिशेब जमतो. पण तो अख्ख्या चित्राचा.

मधल्या नायकाचा चेहरा 200 पिक्सेल रुंद असेल तर फारशी चिंता नाही. मागच्या रांगेतला चेहरा मात्र साठेक पिक्सेलांचा असतो. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स चित्र आधी आठपट लहान सांकेतिक रूपात रचतात. तिथे या चेहऱ्याच्या रुंदीला सात-आठच चौकटी येतात. बुबुळे आणि दात त्यात मावणार कसे? म्हणजे चेहऱ्याचा बारकावा मोठे करताना हरवत नाही, तो मुळातच नसतो.

रिअल-ईएसआरगॅनसारखे साधन कडा धारदार करते, पण चेहऱ्यातला गोंधळही तितक्याच इमानाने धारदार करते. त्यामुळे त्याचे काम चित्र चौपट करण्यापुरतेच ठेवावे. साठचा चेहरा आता 240 पिक्सेलांचा होतो. त्याभोवती केस, मान, खांदे येतील असा 512 पिक्सेलचा चौकोन घेऊन तो 1024 चा करावा आणि मॉडेलकडून तेवढाच चेहरा पुन्हा काढून घ्यावा. बदलाचे प्रमाण, म्हणजे ‘डीनॉइज’, 0.3 च्या जवळपास ठेवावे. ते बरेच वाढवले तर पात्र बदलते, फार कमी ठेवले तर जुनाच चिखल राहतो. मग चौकोन पुन्हा 512 चा करून, मास्कची कड मऊ ठेवून जागेवर बसवावा. शेवटी सगळ्या चित्रावर हलका ग्रेन टाकला की ठिगळ दिसत नाही.

कोडफॉर्मरसारखी चेहरे सुधारणारी साधने झटपट काम करतात. त्यातला आकडा 0 कडे नेला की चेहरा स्वच्छ पण परका होतो. 1 कडे नेला की मूळच्या जवळ राहतो, दोषांसकट. खऱ्या नटाचा चेहरा असेल तर हा खेळ खेळूच नये. त्याचा मूळ मोठा फोटो घेऊन, प्रकाशाची दिशा जुळवून, तो चौपट केलेल्या चित्रातच जोडावा. आधी जोडून नंतर मोठे केले, तर फोटोतला बारकावा वाया जातो.

फाइल प्रेसला देण्यापूर्वी सर्वांत लहान चेहऱ्याचा भाग पोस्टरवरच्या मापातच ए-फोर कागदावर छापून पाहावा. दोन्ही डोळ्यांतली चमक एकाच बाजूला आहे का, दात एकमेकांत मिसळलेत का, चष्म्याची दांडी कानापर्यंत पोहोचते का, एवढे तपासले तरी बहुतेक चुका इथेच सापडतात.